चेप्पु, बुटा, चेप्पु

माझी लेक तिसरीत गेली आणि काही महिन्यांतच शाळेबद्दल तिच्या तोंडात एकच शब्द उरला: "बरी."

संध्याकाळी सव्वापाचला रिक्षावाले मामा गल्लीच्या तोंडाशी पोरं उतरवायचे. दप्तराच्या ओझ्यानं पुढं झुकलेली माझी पोर चालत यायची. मी दारातच उभी. तिचा एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर असतानाच माझा प्रश्न सुटलेला असायचा, "काय गं, शाळा कशी होती?"

"बरी."

"काय शिकवलं?"

"काही नाही."

सहा तास पोरांना बसवून ठेवून काहीच शिकवत नाही, अशी शाळा साऱ्या सोलापुरात ही एकच असावी. मी चिडायची. मी आहेच तापट. माझ्या सासूबाई म्हणायच्या की हिच्या डोक्यावर भाकरी भाजून निघेल. पण तो प्रश्न मी रागानं विचारत नव्हते, हौसेनं विचारत होते. माझं माहेर सांगोल्याच्या बाजूचं. मी शाळेतून आले की आई विचारायची ते एवढंच, "वाटंत टँकर दिसला का गं?" दिसला म्हटलं की ती घागरी घेऊन पळायची. शाळा कशी होती, हे मला आयुष्यात कुणी विचारलं नाही. आपल्या पोरीला आपण रोज विचारायचं, हे मी तिच्या बारशालाच ठरवलं असणार.

मी युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात मशिनवर आहे. आमच्या गावात चादरी विणतात तसे शाळांचे युनिफॉर्मही ढिगानं शिवतात. कुठल्या कुठल्या गावांच्या पोरांचे शर्ट माझ्या हाताखालून जातात. खिसा लावताना कधी कधी वाटतं, यात काय काय जाईल? खडूचा तुकडा, चिंच, कुणाची चिठ्ठी? परक्या पोरांच्या खिशांबद्दल मला एवढी उत्सुकता, आणि घरच्या पोरीच्या पोटातलं काही केल्या निघेना.

तेही चाललं असतं. पोरं मोठी होतात, गप्प होतात. पण पाण्याची बाटली यायची ती भरलेली.

सकाळी मी दोन बाटल्या एकदम भरायची. तिची निळी, माझी हिरवी. आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांतून एकदा येतं, तेव्हा बाटलीतलं उरलेलं पाणी ओतून द्यायचं माझ्या जिवावर येतं. संध्याकाळी तिची निळी बाटली उघडावी तर गळ्यापर्यंत पाणी. एखादा घोट कमी असेल तर असेल. "अगं, पाणी का पीत नाहीस?" तर उत्तर, "विसरते." रोज कशी विसरते? मी ओरडायची, ती मान खाली घालायची, आणि उद्या परत बाटली भरलेली.

दिवाळीनंतर ती एकदा लघवीला जळजळ होते म्हणून रडली. डॉक्टरांनी तपासणी करून औषध दिलं, ते लागू पडलं. महिन्याभरात परत तेच. या खेपेला डॉक्टरबाईंनी तिला बाहेर बाकावर बसवलं आणि मला आत थांबवून घेतलं. म्हणाल्या, "औषधानं आत्ताचं बरं होईल. पण ही पोरगी दिवसभर पाणी पीत नाही आणि लघवी धरून ठेवते. ते थांबत नाही तोवर हे परत परत होणार, आणि सारखं सारखं होणं चांगलं नाही. ती का धरून ठेवते, हे मी कसं सांगू? तुम्ही विचारा. पण रागावून नको."

शेवटचं वाक्य त्यांनी माझ्या तोंडाकडं बघून घातलं असावं.

घरी येताच मी विचारलं. न रागावता, म्हणजे मला जमेल तितकं. "शाळेत बाथरूमला जातेस ना?" "हो." "बाईंना विचारलं की सोडतात ना?" "हो." "कुणी त्रास देतं का?" "नाही." "मग काय होतं?" "काही नाही गं आई!" आणि ती गॅलरीत निघून गेली. मी असं विचारत होते की तिला हो किंवा नाही म्हणून सुटता येईल, हे तेव्हा माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

माझे मिस्टर चिंचोळीच्या एमआयडीसीत शिफ्टला असतात. ते म्हणाले, "तू फार मागं लागतेस तिच्या." मग स्वतः विचारायला गेले, "काय बाळा, शाळा कशी चाललीय?" त्यांनाही तेच उत्तर मिळालं. मला मनातून जरा बरंच वाटलं.

कारखान्यात माझ्या शेजारच्या मशिनवरच्या बाईनं मोबाईलवर एक यादी पाठवली. मुलांना 'शाळा कशी होती' असं विचारू नका, त्याऐवजी हे वीस प्रश्न विचारा. मी जेवणाच्या सुट्टीत वीसच्या वीस पाठ केले. संध्याकाळी पोरगी दारात आली आणि मी सुरू झाले. आज सगळ्यात जास्त हसू कशाचं आलं? आज कुणाला मदत केलीस? आज कुठली गोष्ट अवघड गेली? चौथ्या की पाचव्या प्रश्नाला ती रडवेली होऊन म्हणाली, "आई, ही पण परीक्षा आहे का? किती मार्कांची?"

शेजारच्या दारातून कुणीतरी खुदकन हसलं.

त्या अव्वा. आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. पद्मशाली विणकर कुटुंब, घरात तेलुगू. त्यांचे यजमान मागावर होते, ते आता हयात नाहीत. अव्वा म्हणजे त्यांच्याकडं आजी, म्हणून माझी पोरगीही त्यांना अव्वाच म्हणते आणि तिचं बघून मीही. उंबऱ्याच्या आत सूप मांडीवर घेऊन त्या दिवसभर विड्या वळतात. त्यांचं मराठी त्यांच्या मर्जीनं चालतं. स्त्रीलिंग-पुल्लिंग हा प्रकार त्यांच्याकडं ऐच्छिक आहे.

"पोरगी आत्ता आला की," अव्वा सुपातून मान वर न करता म्हणाल्या. "बूट काढू दे, पाणी पिऊ दे. तू पोलिसावानी काय धरतीस त्याला?"

मला राग आला. आपल्या पोरीला आपण काय विचारायचं, हे आता शेजारणी सांगणार! पण मग मी एक गोष्ट बघितली होती ती आठवली. मला कारखान्यातून यायला उशीर झाला की पोरगी अव्वांकडं थांबायची. तसं एकदा मी येत होते, तर गल्लीच्या वळणावरूनच तिचा आवाज ऐकू येत होता. हातवारे करून काहीतरी लांबलचक सांगत होती. मी दारात पोचले आणि आवाज बंद झाला. म्हणजे पोरीची जीभ जाग्यावर होती. फक्त आमच्या घरात ती चालत नव्हती.

असं का? या प्रश्नानं मला घेरलं. राग बाजूला ठेवला आणि मी चक्क हेरगिरी केली. दुसऱ्या दिवशी मुद्दाम उशिरा आले आणि आमच्या बंद दाराशी चपला हातात घेऊन उभी राहिले.

आधी बराच वेळ काहीच नाही. अव्वांची कात्री तेंदूच्या पानावर चालल्याचा आवाज, आणि पोरगी काहीतरी कुरकुर खात होती. कडक भाकरी असावी, वर शेंगाची चटणी. अव्वांनी विचारलं काहीच नाही. स्वतःचंच सांगत बसल्या, आज पानं कशी वाळकी आली, चार विड्या कशा फुटल्या, शेजारची मांजर सुपात कशी बसली. पोरगी हसली. मग अव्वा म्हणाल्या, "चेप्पु अम्मा, चेप्पु."

मी हळूच डोकावले, तर माझ्या पोरीनं पायातला बूट काढून अव्वांच्या पुढं धरलेला.

यातली गंमत मला नंतर कळली. तेलुगूत चेप्पु म्हणजे सांग. आणि चेप्पु म्हणजेच चप्पल. पोरगी तीन वर्षांची असताना आम्ही इथं राहायला आलो, तेव्हा अव्वा तिला लाडानं म्हणायच्या, "चेप्पु अम्मा," सांग गं बाई. हिला कुणीतरी शिकवलं होतं की चेप्पु म्हणजे चप्पल. ही बिचारी दर वेळी धावत जाऊन आपली चप्पल आणून अव्वांच्या हातात द्यायची. अव्वा हसून हसून लोळायच्या. मग त्यांनी त्या चुकीचाच खेळ केला. चप्पल आणलीस ना, मग आता चप्पलच सांगेल. अगं चपले, सांग, आज कुठं कुठं गेलीस? पाच वर्षं हा खेळ भिंतीपलीकडं चालला होता आणि मला पत्ता नव्हता.

"बूट म्हणतो," माझी लेक दाराआड सांगत होती, "आज मी पाचव्या बाकावर गेलो. बाईंनी बदललं. मग ग्राउंडवर गेलो, तिथं एकाचा दात पडला, आणि तो दात मी जवळून बघितला!"

मला घरात येऊन मिळायचं 'काही नाही', आणि इकडं दात पडत होते. मला तिथंच रडू आलं. मत्सर होता तो, दुसरं काय म्हणू?

त्या रविवारी मी अव्वांच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, "अव्वा, डॉक्टरांनी असं असं सांगितलंय. ती तुमच्याशी बोलते. तुम्हीच विचारा ना." अव्वांनी हातातली विडी पुरी वळली, दोरा बांधला. म्हणाल्या, "मी इचारलो तर मला सांगंल. तुला कसं कळंल? तुला सांगायला पायजे की." मग थोड्या वेळानं, "तू त्याच्या तोंडाकडं लई बघतीस. बघू नको. हातात काम धर."

अव्वांनी शिकवलं ते एवढंच. बाकीचं मी करून करून शिकले.

पहिला आठवडा मी काही म्हणजे काही विचारलं नाही. पोरगी आली की नुसतं म्हणायची, "आलीस? ये गं माझी बाय." दप्तर उतरवून घ्यायची. पाणी, काहीतरी खायला, आणि गप्प. माझ्यासारख्या बाईला हे किती जड गेलं ते माझं मला ठाऊक. ओठांवर टाके घातल्यासारखं वाटायचं. पण एक दिसलं: शाळेतून येते तेव्हा ती रिकामी झालेली असते. मोज्याचं इलॅस्टिक रुतलं तरी रडते, भाकरीचा तुकडा मोडला तरी चिडते. हे मी उद्धटपणा समजत होते. सहा तास शहाण्यासारखं वागून दमलेली पोर घरी येऊन सैल पडते, यात उद्धटपणा कसला? मीही कारखान्यातून आल्यावर पहिली अर्धी घटका मिस्टरांवर खेकसतेच. अर्ध्या तासानं पोटात काही गेलं की पोरगी आपसूक माझ्याजवळ येऊन बसायला लागली.

मग मी काम धरलं. काज-बटणाचे शर्ट घरी आणायची, ती शेजारी बसून बटणं निवडून द्यायची. दोघींचे डोळे बटणांवर. मी माझं सांगायची. "आज काय घोटाळा केला माहितीय का? एका शर्टाला दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या. कटिंग मास्तर म्हणाले, हा शर्ट घालणाऱ्याला आधी हात बदलून घ्यायला लागतील." ती खदखदून हसली आणि हसता हसताच म्हणाली, "आमच्या बाईंनी पण आज फळ्यावर तारीख चुकवली!"

बाई चुकल्या, हे मला आजवर तिनं कधी सांगितलं नव्हतं. मी कधी चुकले, हेही तिला मी कुठं सांगितलं होतं?

मोठ्या प्रश्नाला तिच्याकडं उत्तर नसायचं, बारक्याला असायचं. दिवस कसा गेला, हे आठ वर्षांच्या पोरीनं कसं सांगावं? सगळा दिवस एका शब्दात गुंडाळायचा म्हटलं तर तो शब्द 'बरी'च निघणार. पण "आज डबा सगळ्यात आधी कुणाचा संपला?" म्हटलं की अख्खी मधली सुट्टी बाहेर यायची. "आज कुणाच्या शेजारी बसलीस?" म्हटलं की वर्गाचा नकाशा. कधी मी मुद्दाम चुकीचं बोलायची. "आज गुरुवार, म्हणजे तुमची चित्रकला झाली असेल." "काय गं आई! चित्रकला शुक्रवारी असते. आज तर..." चूक दुरुस्त करायला माणूस किती हौसेनं तोंड उघडतं, हे मला माहीत नव्हतं. आणि तिचं बोलणं थांबलं तर मी पुढचा प्रश्न टाकायची नाही, तिचाच शेवटचा शब्द हलकेच परत म्हणायची. ती म्हणायची, "मग तिनं कट्टी घेतली." मी म्हणायची, "कट्टी?" आणि पुढचं यायचं.

चुकाही केल्या. एकदा तिनं सांगितलं की कवितेत ती एक ओळ विसरली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मग पाठ नको का करायला?" झालं. त्या दिवशीची बटणं मी एकटीनं निवडली. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही आमच्या घराण्याचीच रीत.

पण बाटली अजून भरलेलीच यायची. तिच्याविषयी मी अवाक्षर काढलं नाही. औषधाचा कोर्स संपत आला होता आणि कारण हाती आलं नव्हतं.

एका शनिवारी शाळा लवकर सुटली. ती आली, खाल्लं, बटणांशी येऊन बसली. तिचा एक बूट अजून पायातच होता, नाडीची गाठ बसली होती. मी गाठ सोडवत होते. सोडवता सोडवता, मान खालीच ठेवून, मी बुटाला म्हटलं, "चेप्पु, बुटा, चेप्पु."

ती दचकली. "तुला कसं माहिती?"

"बुटानं सांगितलं."

ती हसू दाबत बघत राहिली. हा खेळ तिचा आणि अव्वांचा; मला आत घ्यायचं की नाही, याचा विचार चालला असावा. मी गाठीशी झटत राहिले. मग बारीक आवाजात बूट बोलायला लागला. "आज मी वर्गात गेलो. मग प्रार्थनेच्या रांगेत. मग ग्राउंडवर, लंगडी खेळलो, म्हणून मी एकटाच मळलोय."

"मग?"

"मग बाथरूमकडं गेलो."

माझे हात थांबले. त्यांना परत चालू केलं.

"आत नाही गेलो," बूट म्हणाला. "दारापर्यंतच गेलो."

का, हा शब्द माझ्या दातांपर्यंत आला होता. तो मी गिळला. गाठीतला एक पदर सुटला.

"दार?" मी म्हटलं.

"दाराला कडी नाही. तुटली. मोठ्या मुली दार ढकलतात आणि हसतात. आधी माझी मैत्रीण दार धरून उभी राहायची, मी तिचं धरायची. ती गणपतीनंतर दुसऱ्या गावाला गेली ना. आता कोण धरणार?" मग बुटाचा आवाज गेला आणि तिचा स्वतःचा आला. "पाणी नाही प्यायलं की जावंच लागत नाही."

इतकी साधी गोष्ट. एक कडी. आणि मी महिनोन् महिने पाणी वाया गेलं म्हणून तिच्यावर ओरडत होते.

माझं डोकं सणकलं. हात मोबाईलकडं गेला. तेवढ्यात तिनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "तू फोन करणार? मागच्यासारखा?"

मागच्यासारखा म्हणजे पावसाळ्यातला. एका मुलीनं तिच्या कंपासपेटीचं झाकण मोडलं, असं तिनं सांगितलं आणि मी तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्या मुलीच्या आईला फोन लावून झाडलं होतं. दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर हिच्या शेजारी कुणी बसलं नव्हतं. ते तिनं मला आत्ता सांगितलं. 'बरी' हा शब्द कुठून आला, हे मला त्या शनिवारी कळलं. आईला सांगितलं की आई फोन करते. त्यापेक्षा शाळा बरी असलेली बरी.

मी मोबाईल उलटा ठेवला. आणि मला कुणी न शिकवलेला एक प्रश्न माझ्या तोंडून आला. "मग मी काय करू? नुसतं ऐकू, की काही करू?"

तिनं बराच विचार केला. तिला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. "आधी ऐक," ती म्हणाली. मी ऐकलं. ढकलणाऱ्या मुली कशा हसतात, शेवटच्या तासाला पोट कसं दुखतं, रिक्षात खड्डा आला की कसं घट्ट बसावं लागतं, सगळं ऐकलं. ऐकताना मी मध्ये बोलले नाही. बटणांच्या डबीत माझ्या डोळ्यांतलं पाणी पडत होतं, तेवढंच. मग ती म्हणाली, "आता कर. पण माझं नाव नको सांगू. नुसती कडी लाव."

सोमवारी मी कारखान्यात तासभर उशिरा जाते म्हणून सांगितलं आणि वर्गाच्या बाईंना भेटले. म्हटलं, मुलींच्या बाथरूमला कडी नाही, मुली जायला लाजतात, पाणी पीत नाहीत. बाई खरोखर चकित झाल्या. "कुणीच बोललं नाही हो!" कोण बोलणार? त्यांच्यासाठी निराळी खोली, तिला कडी शाबूत. त्यांनी स्वतः जाऊन दार बघितलं. कडी यायला आठवडा लागला. तोवर बाईंनी मधल्या सुट्टीत मुलींच्या जोड्या लावून दिल्या, एकीनं जायचं, एकीनं दार धरायचं. गुरुवारी निळी बाटली अर्धी आली. पुढच्या सोमवारी रिकामी आली. ती उलटी करून मी अव्वांना दाखवायला गेले. अव्वा म्हणाल्या, "बघ, चप्पल सांगितला की!"

गोष्ट इथं संपली असंच मी धरून चालले होते.

मार्च उजाडला, ऊन तापलं आणि शाळा सकाळची झाली. पोरगी साडेअकरालाच घरी यायची आणि अव्वांकडं जेवून तिथंच लोळायची. कारखान्यात उलटं. नव्या वर्षाच्या युनिफॉर्मचा सीझन लागला, मला यायला सात वाजायचे. आता दारात ती उभी आणि रस्त्यानं मी.

मिस्टर घरी असले की विचारायचे, "कसा गेला दिवस?" मी म्हणायची, "बरा."

एका संध्याकाळी मी आले. डोकं उन्हानं ठणकत होतं. ती म्हणाली, "आलीस? ये." माझी पिशवी उतरवून घेतली, तांब्याभर पाणी दिलं. मी घटाघटा पाणी संपवलं आणि दुसरा तांब्या मागितला. ती बाजूला बसून तिची चित्रं रंगवत राहिली. बऱ्याच वेळानं, मान खालीच ठेवून, तिनं माझी चप्पल ओढून पुढ्यात घेतली.

"चेप्पु," ती चपलेला म्हणाली.

मला हसू आलं. मी चप्पल झाले. "आज मी मशिनपाशी गेले. कटिंग टेबलाकडं गेले. जेवायला गच्चीच्या जिन्यात गेले."

"मग?"

"मग परत मशिनपाशी."

ती उठली. माझ्या पिशवीतून तिनं हिरवी बाटली काढली आणि हलवून बघितली. गळ्यापर्यंत पाणी होतं.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आम्ही बारा बाया वर मशिनवर, आणि बाथरूम एकच, खाली, इस्त्रीवाल्या पुरुषांच्या मधून जायचं, तिथं दाराला कडीच्या जागी सुतळी. वर्षानुवर्षं आम्ही बारा जणी सकाळी चहाचा एक घोट घेतो आणि संध्याकाळपर्यंत कुणी बाटलीला हात लावत नाही. याबद्दल आम्ही आपसातसुद्धा कधी बोललो नाही. मला ते सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

"दारापर्यंत पण नाही गेले," मी म्हटलं.

"दार?" ती म्हणाली.

तिनं बाटली दोघींच्या मध्ये ठेवली, रंगाची पेन्सिल खाली ठेवली नाही, माझ्या तोंडाकडं बघितलं नाही.

"आई," ती म्हणाली, "मी काय करू? नुसतं ऐकू, की काही करू?"

"आधी ऐक," मी म्हटलं, आणि सांगायला लागले.